क्रिएटिनीन नॉर्मल, पण एसीआर ८४: जुन्या मधुमेहात किडनीची पहिली खूण कशी वाचावी

प्रश्न: माझे वडील ६१ वर्षांचे आहेत, मधुमेहाला १६ वर्षे झाली. एचबीए१सी ७.९ आहे, बीपी १४२/८४ च्या आसपास असते आणि त्यासाठी अॅम्लोडिपीन ५ चालू आहे. क्रिएटिनीन १.० आले आणि साध्या लघवी तपासणीत अल्ब्युमिन ‘निल’. नव्या डॉक्टरांनी लघवीची ‘एसीआर’ करून घेतली, ती ८४ आली. ते म्हणाले, किडनीवर परिणाम सुरू झालेला दिसतो, पण पुन्हा तपासू. पायावर सूज नाही, लघवी व्यवस्थित होते. क्रिएटिनीन चांगले असताना ही तपासणी उलटे का सांगते? कोणता रिपोर्ट खरा मानायचा?

उत्तर:

तिन्ही रिपोर्ट खरे आहेत आणि त्यांच्यात विरोध नाही, कारण ते तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. क्रिएटिनीनवरून किडनी रक्त किती गाळते ते कळते. एसीआर म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचे लघवीतल्याच क्रिएटिनीनशी गुणोत्तर, आणि त्यावरून गाळणीची जाळी किती शाबूत आहे ते कळते. मधुमेहात बहुतेक वेळा जाळी आधी बिघडते आणि गाळण्याचे प्रमाण पुष्कळ नंतर घटते. म्हणून क्रिएटिनीन ‘नॉर्मल’ आणि एसीआर वाढलेली, ही जोडी मधुमेहाच्या डॉक्टरला रोज दिसते. ती वेळेत दिसावी यासाठीच ही तपासणी असते.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिन निरोगी जाळीतून जवळपास जातच नाही, आणि जे थोडे निसटते त्यातले बरेचसे पुढच्या नलिका परत उचलतात. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की गाळणीत शिरणारी रक्तवाहिनी सैलावते, बाहेर पडणारी आकसते आणि गाळणीच्या आतला दाब वाढतो. जाळीचा पडदा जाड होतो, पण जाड होऊनही तो सच्छिद्र होत जातो. त्यावर बाहेरून बोटांसारख्या पायांनी पकड धरणाऱ्या पेशी, ज्यांना पोडोसाइट म्हणतात, हळूहळू गळून पडतात. या पेशी पुन्हा सहजी तयार होत नाहीत. सुरुवातीचा बिघाड म्हणतात तो हाच. तो दुखत नाही, त्याने सूज येत नाही आणि लघवीचे प्रमाणही बदलत नाही. लघवीला टिकणारा फेस येऊ लागतो तोवर अल्ब्युमिन सहसा शेकड्यांच्या बरेच पुढे गेलेले असते. त्यामुळे ‘सूज नाही, म्हणजे किडनी चांगली’ हा आपल्याकडचा रूढ हिशेब या टप्प्यावर लागू पडत नाही.

क्रिएटिनीन मागे का राहते, तेही पाहू. काही गाळण्या निकामी झाल्या की उरलेल्या जास्त काम करतात, म्हणून सुमारे निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनीन लॅबच्या छापील मर्यादेत राहू शकते. ६१ वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनीन १.० असेल तर आज वापरात असलेल्या सूत्राने गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला साधारण ८६ येतो. आकडा चांगला आहे. तरीही घरातल्या जुन्या फाइली काढून पाहाव्यात असे मी सुचवेन. समजा दहा वर्षांपूर्वी, म्हणजे ५१ व्या वर्षी, क्रिएटिनीन ०.७ होते. तेव्हाचा वेग ११० च्या आसपास होता असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही रिपोर्टवर लॅबने ‘नॉर्मल’ छापलेले असेल, पण वर्षाला अडीच अंकांची ही घट नुसत्या वयाने होणाऱ्या सुमारे एक अंकाच्या घटीपेक्षा जास्त आहे. एका रिपोर्टपेक्षा अशी जुनी रेघ मला नेहमी अधिक सांगते.

आता ‘निल’ आणि ८४ यांचा मेळ. साध्या तपासणीत लघवीत पट्टी बुडवतात. ती पट्टी लिटरमागे साधारण दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम अल्ब्युमिन असेल तेव्हा रंग बदलते. तुमच्या वडिलांच्या नमुन्यात समजा लिटरमागे ६७ मिलिग्रॅम होते, तर पट्टी ‘निल’ दाखवणार, आणि ते तिच्या परीने बरोबरच असते. शिवाय पट्टी फक्त दाटपणा बघते. माणसाने तांब्याभर पाणी पिऊन नमुना दिला तर अल्ब्युमिन आणखी पातळ दिसते.

हा पाण्याचा गोंधळ काढून टाकण्यासाठी अल्ब्युमिनला क्रिएटिनीनने भागतात. इथले क्रिएटिनीन लघवीतले असते, रक्तातले नव्हे, आणि रिपोर्ट वाचताना लोकांची गफलत इथेच होते. स्नायूंतून क्रिएटिनीन रोज साधारण एकाच प्रमाणात, सरासरी एक ग्रॅमच्या आसपास, बाहेर पडते. पाणी जास्त प्यायले तर तेही अल्ब्युमिनइतकेच पातळ होते. सकाळच्या नमुन्यात अल्ब्युमिन लिटरमागे ६७ मिलिग्रॅम आणि क्रिएटिनीन डेसिलिटरमागे ८० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.८ ग्रॅम असेल, तर ६७ भागिले ०.८ हे जवळपास ८४ होते. दुपारी पुष्कळ पाणी पिऊन दिलेल्या नमुन्यात अल्ब्युमिन २० आणि क्रिएटिनीन २४ झाले, तर २० भागिले ०.२४ हे ८३ येते. लघवी तिप्पट पातळ झाली, पण गुणोत्तर हलले नाही. दिवसाचे क्रिएटिनीन एक ग्रॅमच्या जवळ असल्यामुळे हा आकडा दिवसभरात जाणाऱ्या अल्ब्युमिनच्या मिलिग्रॅमचा ढोबळ अंदाजही देतो. म्हणूनच आता २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवायला लावण्याची गरज क्वचितच पडते.

या युक्तीला एक मर्यादा आहे. भागाकारातला खालचा आकडा स्नायूंवर ठरतो. चाळीस किलो वजनाच्या, खंगलेल्या आजींच्या लघवीत क्रिएटिनीनच कमी जाते, त्यामुळे अल्ब्युमिन फारसे नसतानाही गुणोत्तर थोडे फुगते. उलट, अंगमेहनत करणाऱ्या भरदार बांध्याच्या माणसात ते खरे आहे त्यापेक्षा थोडे कमी दिसते. सीमेवरचा आकडा असेल तेव्हा मी समोरच्या माणसाच्या दंडाकडे पाहूनच तो वाचतो.

ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सामान्य, ३० ते ३०० हा मध्यम वाढीचा टप्पा आणि ३०० च्या वर ठळक गळती, अशी विभागणी आहे. मधल्या टप्प्याला पूर्वी मायक्रोअल्ब्युमिन्युरिया म्हणत आणि अनेक लॅबच्या कागदावर अजून तोच शब्द असतो. त्या नावावरून ‘सूक्ष्म प्रकारचे अल्ब्युमिन’ असा समज होतो, पण अल्ब्युमिन तेच असते, फक्त प्रमाण थोडे. ३० ही काही भिंत नाही. २५ असलेल्याचा धोका ५ असलेल्यापेक्षा जास्तच असतो. रिपोर्ट पाहताना एककही पाहावे, कारण परदेशातल्या काही लॅब मिलिमोलमागे आकडा देतात आणि तिथे ३० ऐवजी ३ ही मर्यादा असते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलाने आईचा इकडचा रिपोर्ट तिकडच्या तक्त्याशी ताडून घाबरून फोन केल्याचा प्रसंग माझ्याकडे घडलेला आहे.

८४ हा आकडा मधल्या टप्प्यात पडतो, पण तुमच्या डॉक्टरांनी ‘पुन्हा तपासू’ म्हटले ते अगदी योग्य आहे. ही तपासणी फार हलणारी आहे. त्याच माणसात आज ६० आणि आठवड्याने ९५, हे काहीही न बिघडता होऊ शकते. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच निदान पक्के करतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ५४ वर्षांच्या एक शिक्षिका आल्या. मधुमेह ९ वर्षांचा, एसीआर २१०, आणि आदल्याच दिवशी एका परिचिताने त्यांना डायलिसिसची भीती घातली होती. विचारल्यावर कळले की आठवडाभर लघवीला जळजळ होती आणि नमुना त्याच दिवसांत दिलेला होता. संसर्गावर उपचार झाले, तीन आठवड्यांनी सकाळचा नमुना घेतला तर १८, आणि तीन महिन्यांनी २१. त्यांच्या जाळीला काही झालेले नव्हते. संसर्ग, ताप, मासिक पाळी, आदल्या दिवशीची जोरदार मेहनत किंवा लांब पल्ल्याची पायपीट, साखर फार चढलेली असणे, बीपी फार वाढलेले असणे आणि हृदयाची क्रिया कमकुवत होऊन अंगात पाणी साठणे, या सगळ्यांनी एसीआर तात्पुरती वर जाते.

म्हणून वडिलांचा पुढचा नमुना सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा असावा. थोडी लघवी सोडून मधल्या धारेची घ्यावी आणि आदल्या दिवशी व्यायामाचा अतिरेक नसावा. सोबत लघवीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणीही करावी, म्हणजे पूपेशी किंवा रक्तपेशी असतील तर कळतील. तपासणीसाठी बीपीची किंवा साखरेची गोळी बंद करायची नसते.

दुसरा नमुनाही वाढलेला आला तर पुढचा प्रश्न असा, की हे मधुमेहामुळेच आहे का. इथे डोळ्यांचा फार उपयोग होतो. बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी गेल्या वर्षभरात झाली नसेल तर ती आताच करून घ्यावी. दृष्टिपटल आणि किडनी या दोन्ही ठिकाणच्या बारीक वाहिन्यांना साखर सारख्याच रीतीने त्रास देते. सोळा वर्षांचा मधुमेह, दृष्टिपटलावर रक्ताचे बारीक ठिपके आणि संथपणे वाढणारी एसीआर हे चित्र एकमेकांशी जुळते. डोळे अगदी स्वच्छ असले तरी टाइप २ मध्ये किडनीचा आजार मधुमेहाचा नाहीच असे म्हणता येत नाही, पण मग मी इतर कारणे जास्त काळजीने शोधतो.

आता उपचार. डेन्मार्कमधील आरहूसचे डॉ. कार्ल एरिक मोगेन्सन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की प्रौढ वयातल्या मधुमेहात लघवीतली ही थोडी गळती पुढच्या ठळक गळतीची आणि लवकर मृत्यूचीही चाहूल असते. मृत्यू बहुतेक वेळा हृदयामुळे होतो. त्यामुळे ८४ हा आकडा किडनीइतकाच हृदयाबद्दल बोलतो आहे, आणि स्टॅटिनची गोळी चालू नसेल तर डॉक्टरांशी तोही विषय काढावा.

गळती पक्की ठरल्यावर बीपीच्या औषधात बदल करावा लागेल असे मला वाटते. अॅम्लोडिपीन बीपी उतरवते, पण गाळणीच्या आतला दाब खास कमी करत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, इर्बेसार्टन या गटातली किंवा रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातली औषधे गाळणीतून बाहेर पडणारी आकसलेली वाहिनी सैल करतात, त्यामुळे आतला दाब उतरतो आणि गळती घटते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधल्या टप्प्यातल्या ५९० मधुमेहींना दोन वर्षे पाहिले गेले. नुसत्या दिखाऊ गोळीवर शंभरातले सुमारे १५ जण ठळक गळतीकडे सरकले, तर इर्बेसार्टन ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत शंभरातले सुमारे ५. हे औषध लहान डोसवर सुरू करून सोसेल तितके वाढवायचे असते. टेल्मिसार्टन ४० वर बीपी बरे झाले म्हणून तिथेच थांबणे ही सर्रास होणारी उणीव आहे. मात्र या दोन गटांतली औषधे एकत्र देऊ नयेत, कारण त्याने फायदा वाढत नाही आणि पोटॅशियम व किडनी दोन्ही बिघडतात. बीपीचे लक्ष्य १३०/८० च्या खाली ठेवावे.

दुसरे औषध म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही साखरेची औषधे म्हणून आली, पण ती गाळणीत शिरणारी सैलावलेली वाहिनी पुन्हा थोडी आवळतात, म्हणजे दाब दुसऱ्या टोकाकडून कमी करतात. २०१९ नंतरच्या मोठ्या अभ्यासांत त्यांनी किडनी निकामी होण्याचे प्रमाण कमी केलेले दिसले. एचबीए१सी ७.९ असल्याने वडिलांना त्यांचा साखरेसाठीही उपयोग होईल. भारतात आता ही औषधे जेनेरिक स्वरूपात मिळतात आणि खर्च पूर्वीपेक्षा बराच आटोक्यात आला आहे. त्यांनी लघवीतून साखर जाते, म्हणून गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडे करण्याची सवय लावली की तो बराच टळतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर चांगली औषधे मध्येच बंद होतात. दाब उतरला की गाळण्याचा वेगही सुरुवातीला थोडा उतरतो. दोन आठवड्यांनी वडिलांचे क्रिएटिनीन १.० वरून १.१ झाले तर ईजीएफआर ८६ वरून ७६ च्या आसपास दिसेल. ‘किडनीचे औषध दिले आणि किडनीच बिघडली’ असे म्हणून नातेवाईक गोळी थांबवतात. हा उतार अपेक्षित असतो. क्रिएटिनीन मूळ आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत वाढले आणि पोटॅशियम ठीक असले तर औषध चालू ठेवायचे असते. १.० चे १.४ किंवा १.५ झाले तर मात्र थांबून कारण शोधावे लागते. अंगातले पाणी कमी झाले आहे का, कुणी वेदनाशामक दिले आहे का, किंवा किडनीला रक्त नेणारी मोठी रोहिणी अरुंद आहे का, हे पाहावे लागते. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम न चुकता तपासावे.

जुलाब, उलट्या, तापात जेवण बंद किंवा निर्जळी उपवास असेल, त्या दिवसांत ही दोन्ही औषधे थांबवण्याबद्दल डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना अन्न-पाणी पूर्ण बंद केले तर शरीरात आम्ल साचू शकते, आणि अशा वेळी रक्तातली साखर फार वाढलेली नसल्याने ते लक्षातही येत नाही. निर्जळी एकादशी करणाऱ्या घरात हे मी मुद्दाम विचारतो. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वीही ही गोळी साधारण तीन दिवस आधी थांबवतात. वडील इन्सुलिनवर असतील तर आजारपणात इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नये.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या टप्प्यावर लोक नको ते पथ्य फार करतात. डाळ, दूध बंद करण्याची गरज नाही. वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने, म्हणजे आपले साधे घरगुती जेवण, चालते. प्रोटीन पावडर मात्र नको. पोटॅशियम ठीक असेल तर फळेही बंद करू नयेत. कमी करायचे ते मीठ, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आणि ते लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ यांतून जास्त जाते. ‘लो सोडियम’ मीठ आणू नये, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि टेल्मिसार्टनबरोबर ते महागात पडू शकते. भरपूर पाणी पिऊन किडनी ‘धुतली’ जात नाही, तहानेप्रमाणे प्यावे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक दुकानातून आणून आठवडेच्या आठवडे घेणे आणि घटक माहीत नसलेली भस्मे किंवा पुड्या घेणे, या दोन गोष्टी मी कडक शब्दांत थांबवतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते.

औषधे पूर्ण डोसवर आल्यानंतर तीन महिन्यांनी एसीआर पुन्हा करावी. ८४ वरून ५० च्या आसपास आली तर उपचार लागू पडला असे मी समजेन, आणि बऱ्याच जणांत ती ३० च्या खालीही जाते. त्यानंतर एसीआर आणि क्रिएटिनीन वर्षातून एकदा-दोनदा पुरते. ३० च्या खाली गेली म्हणून गोळी बंद करू नये. गळती गोळीमुळे दबलेली असते आणि ती थांबवली की बहुधा परत येते. आणि एसीआर चांगली आहे म्हणून क्रिएटिनीन तपासणे सोडू नये, कारण काही मधुमेहींत गळती न होताच गाळण्याचा वेग घटत जातो.

सध्या तुम्हाला किडनीतज्ज्ञाकडे धावण्याची गरज नाही, दोन्ही औषधे आणि तपासण्या तुमचे डॉक्टर पाहू शकतात. पण काही महिन्यांतच एसीआर शेकड्यांतून हजारांत गेली, लघवीत संसर्ग नसताना लाल रक्तपेशी दिसत राहिल्या, पायावर आणि चेहऱ्यावर अचानक सूज आली किंवा क्रिएटिनीन काही आठवड्यांत झपाट्याने चढले, तर हे मधुमेहाच्या संथ चालीशी जुळत नाही. अशा वेळी थांबू नये. किडनीतज्ज्ञ काही रक्ततपासण्या करतील, आणि गरज वाटली तर सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतील, कारण अशा रुग्णांत कधीकधी मधुमेहाशिवाय दुसराच, वेगळ्या औषधाने बरा होणारा किडनीचा आजार सापडतो.